एकच प्रश्न, रोज वेगळे उत्तर: टॅरोमध्ये ‘तो माझ्यावर प्रेम करतो का?’ हा प्रश्न कसा दुरुस्त करावा

स्वतःसाठी टॅरोचे पत्ते काढणाऱ्यांकडून एक तक्रार माझ्याकडे वारंवार येते. तपशील बदलतात, पण तिचे रूप एकच असते. सोमवारी ‘तो माझ्यावर प्रेम करतो का?’ असे विचारून पत्ता काढला, तेव्हा टू ऑफ कप्स आला आणि मन निवांत झाले. बुधवारी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर फाइव्ह ऑफ कप्स आला आणि झोप उडाली. मग खात्री करून घेण्यासाठी आणखी एक पत्ता काढला, त्याचा अर्थ लागेना म्हणून त्याच्यावर आणखी एक ठेवला आणि शेवटी समोर सात-आठ पत्त्यांचा असा पसारा झाला की त्यातून होकारही वाचता येत होता आणि नकारही. एवढे झाल्यावर ‘माझी गड्डी बिघडली आहे का?’, ‘पत्ते शुद्ध करायला हवेत का?’, ‘पिसताना माझे मन स्थिर नव्हते का?’ असे प्रश्न सुरू होतात.

गड्डीत काही बिघाड नसतो. धूप दाखवून, चांदण्यात ठेवून किंवा नवी गड्डी विकत घेऊन ही अडचण जात नाही, कारण ती पत्ता उचलण्याच्या आधी, प्रश्नाच्या वाक्यातच तयार झालेली असते. म्हणून येथे मी पत्त्यांच्या अर्थांविषयी थोडे आणि प्रश्नाच्या वाक्याविषयी बरेच लिहिणार आहे. उदाहरणे १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रायडर-वेट-स्मिथ गड्डीतली घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक जण याच गड्डीवर किंवा तिच्यावरून बेतलेल्या गड्डीवर शिकतात.

उत्तरे परस्परविरोधी का येतात

गड्डीत ७८ पत्ते असतात आणि त्यांपैकी एकाही पत्त्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे लिहिलेले नसते. त्यामुळे हो-नाही विचारणाऱ्याला एखादा नियम स्वतःच घालून घ्यावा लागतो, आणि सर्वांत प्रचलित नियम म्हणजे सरळ पत्ता आला तर होकार आणि उलटा आला तर नकार. पत्ते फिरवून नीट पिसले असतील, तर कोणताही पत्ता सरळ किंवा उलटा येण्याची शक्यता साधारण निम्मी-निम्मी असते, म्हणजे आपण प्रत्यक्षात एक नाणे उडवत असतो. तीन पत्ते काढले तर तिन्ही सरळ किंवा तिन्ही उलटे येण्याची शक्यता चारातून एक आहे, आणि उरलेल्या तीन वेळा संमिश्र उत्तर येणारच. ज्याला आपण ‘पत्ते गोंधळात टाकत आहेत’ असे म्हणतो, तो या नियमाचा अगदी सरळ आणि अपेक्षित परिणाम आहे.

दुसरा प्रचलित नियम पत्त्यांच्या गटावरून ठरवला जातो. कप्स हा भावनांचा गट मानला जातो, म्हणून मांडणीत कप्स दिसले नाहीत की ‘त्याच्या मनात माझ्याविषयी काही नाही’ असा निष्कर्ष निघतो. आता ७८ पत्त्यांमध्ये कप्स फक्त १४ आहेत. तीन पत्ते काढल्यावर त्यात एकही कप्सचा पत्ता नसण्याची शक्यता जवळजवळ ५५ टक्के आहे. याचा अर्थ, अत्यंत प्रेमळ घरातही निम्म्याहून अधिक वेळा कप्सविना मांडणी येईल. राणी, राजा, नाइट आणि पेज या सोळा पत्त्यांचेही असेच आहे: तीन पत्त्यांत त्यांच्यापैकी निदान एक येण्याची शक्यता जवळपास निम्मी असते, आणि तरीही क्वीन ऑफ स्वोर्ड्स दिसली की ‘त्याच्या आयुष्यात दुसरी कोणी आहे’ असा धसका घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो आणि तो रास्त आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेथे प्रश्न दुहेरीच असतो. पाकळी किंवा कळी उजवीकडून पडली तर उजवा कौल, डावीकडून पडली तर डावा. मग पत्त्यांना तसे का विचारू नये? माझे उत्तर असे की कौलाची मांडणीच दोन उत्तरांसाठी केलेली आहे. प्रश्न गुरवाकरवी किंवा पुजाऱ्याकरवी आधी नीट बांधून घेतला जातो आणि मिळालेल्या उत्तराला मान देण्याची तयारी असलेले लोक तेथे उभे असतात. टॅरोच्या गड्डीची मांडणी तशी नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ती खेळण्यासाठी तयार झाली, भविष्यकथनासाठी तिचा सर्रास वापर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये सुरू झाला, आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ च्या गड्डीसाठी लहान अंकांच्या पत्त्यांवरही पूर्ण प्रसंग रंगवले. जुन्या मार्सेय पद्धतीच्या गड्डीत पाच कप म्हणजे केवळ पाच पेल्यांची मांडणी दिसते. स्मिथ यांच्या पत्त्यावर मात्र काळा झगा पांघरलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे खाली मान घालून पाहत असतो, त्याच्या पाठीमागे दोन पेले उभे असतात आणि पलीकडे नदीवर पूल असतो. अशा चित्राला ‘हो की नाही?’ विचारणे म्हणजे त्यातले बहुतेक सारे झाकून ठेवणे होय.

याहून मोठी अडचण ही की ‘तो माझ्यावर प्रेम करतो का?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, तो माणूस पत्ते काढताना समोर नसतो. पत्ते पाहणारी तूच असतेस, चित्रात अर्थ शोधणारे मन तुझेच असते, म्हणून जे वाचले जाते ते तुझ्या आशेचे किंवा भीतीचे वाचन असते. पत्त्यांतून दुसऱ्याच्या मनातले कळते, असे मी मानत नाही आणि माझ्याकडे येणाऱ्यांना तसे सांगतही नाही. आपण ज्या गोष्टीकडे पाहायचे टाळत असतो, तिच्याकडे पाहायला एखादे चित्र भाग पाडते. तेवढे मी नक्की पाहिले आहे.

मराठी वाक्यातच दोष ओळखता येतो

आपल्या भाषेने येथे एक सोय करून ठेवली आहे. वाक्याच्या शेवटी ‘का’ आला की प्रश्न हो-नाहीचा असतो: ‘तो येईल का?’, ‘त्याला माझी आठवण येते का?’, ‘आमचे लग्न होईल का?’ असा ‘का’ दिसला की प्रश्न पत्त्यांपुढे मांडण्यापूर्वी थांबावे. पण शेवटचा ‘का’ काढून टाकला म्हणजे प्रश्न मोकळा झाला, असे मात्र समजू नये, कारण हीच अडचण आणखी तीन वेशांत परत येते आणि बहुतेक जण तेथेच फसतात.

पहिला वेश म्हणजे क्रियापदाच्या आधी येणारा ‘का’: ‘तो माझ्याशी असा का वागतो?’ याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून प्रश्न मोकळा वाटतो. प्रत्यक्षात तो पुन्हा त्याच्याच मनाचे कारण मागतो, आणि ते कारण आपण आपल्या कल्पनेतून भरतो. दुसरा वेश ‘कधी’चा आहे. ‘तो घरी कधी सांगेल?’ या प्रश्नात तो सांगणारच हे गृहीत धरलेले असते, त्यामुळे खरा हो-नाही प्रश्न न विचारताच होकार पदरात पाडून घेतला जातो. तिसरा वेश सर्वांत फसवा असतो: ‘त्याने मला वेळ द्यावा म्हणून मी काय करू?’ येथे ‘काय’ आहे, ‘मी’ आहे, करण्याची तयारीही आहे, पण वाक्याचा कर्ता जरी मी असले तरी ज्याला बदलायचे आहे तो माणूस दुसराच आहे. अशा प्रश्नावर कोणताही पत्ता आला तरी त्याचे वाचन त्याला वळवण्याच्या युक्तीत होते, आणि युक्ती फसली की प्रश्न पुन्हा ‘तो माझ्यावर प्रेम करतो का?’ येथेच येऊन थांबतो.

काळाकडेही लक्ष द्यावे. ‘हे नाते कशाने वाढेल?’ आणि ‘हे नाते कशाने वाढते?’ या दोन वाक्यांत एकाच शब्दाच्या रूपाचा फरक आहे, पण पहिले वाक्य भविष्याची हमी मागते आणि दुसरे आजवरच्या अनुभवाकडे बोट दाखवते. ‘वाढते’ म्हटले की पत्ता पाहताना घडून गेलेले प्रसंग आठवू लागतात: कोणत्या दिवशी बोलणे सहज झाले, त्या दिवशी वेगळे काय होते, कोणी काय केले. माझा अनुभव असा की वाचनाला आधार मिळतो तो या आठवणींचाच. म्हणून मी ‘वाढते’ हेच रूप सुचवते, आणि पुढची कृती हवी असेल तर ‘वाढीला माझ्याकडून कशाची मदत होईल?’ असे दुसरे वाक्य त्याला जोडते.

दुरुस्ती: पत्ते हातात घेण्यापूर्वी

वही घ्यावी आणि मनात जो प्रश्न जसा आला आहे तसाच पहिल्या ओळीत लिहावा. तो सुधारून लिहू नये, कारण ‘तो माझ्यावर प्रेम करतो का?’ हे लिहिण्याची लाज वाटली तर तो प्रश्न मनातच राहतो आणि पुढे प्रत्येक पत्त्याचा अर्थ गुपचूप तोच ठरवतो. त्याच्या खाली ‘मला हे आजच का विचारावेसे वाटले?’ याचे उत्तर दोन-तीन वाक्यांत लिहावे, आणि त्यात फक्त घडलेल्या गोष्टी असाव्यात. ‘तो बदलला आहे’ ही घडलेली गोष्ट नाही. ‘गेल्या तीन आठवड्यांत त्याने स्वतःहून दोनदाच फोन केला’ ही घडलेली गोष्ट आहे. येथेच पुष्कळदा खरा विषय हाती लागतो, कारण प्रेमाविषयीच्या शंकेच्या मागे वेळ, पैसा, घरच्यांची संमती किंवा एखादे अर्धवट राहिलेले भांडण निघते.

मग नवा प्रश्न बांधावा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: नात्याची कोणती बाजू, किती काळापुरती, आणि माझ्या हातात काय. ‘हे नाते कशाने वाढते?’ एवढा प्रश्न सुरुवातीला ठीक आहे, पण तो फार पसरट असल्याने उत्तरही पसरट येते. ‘येत्या महिन्यात आमच्यातला मोकळेपणा वाढायला माझ्याकडून कशाची मदत होईल?’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

प्रश्न खरोखर मोकळा झाला की नाही, हे तपासण्यासाठी मी एक चाचणी करते आणि ती कोणीही चुकवू नये असे मला वाटते. गड्डी न पिसता, पत्ते उघडे ठेवून, त्यातून मुद्दाम तीन पत्ते निवडावेत: एक सर्वांना आवडणारा, एक दुःखाचा आणि एक धास्तीचा. मी द सन, फाइव्ह ऑफ कप्स आणि द टॉवर घेते. आता नव्या प्रश्नाला प्रत्येक पत्ता काही सांगू शकतो का ते पाहावे. ‘मोकळेपणा वाढायला कशाची मदत होईल?’ असे विचारल्यावर द सनमधले पांढऱ्या घोड्यावरचे उघडे मूल लपवाछपवी न करण्याविषयी बोलू शकते. फाइव्ह ऑफ कप्स सांडलेल्याचा हिशेब करताना उभे असलेले दोन पेले पाहायला सांगू शकतो. आणि विजेने मुकुट उडालेला टॉवर एखादा दिखावा स्वतःहून खाली उतरवण्याची सूचना देऊ शकतो. तिन्ही पत्ते बोलले, म्हणजे प्रश्न तयार आहे. पण सन पाहून ‘छान’ आणि टॉवर पाहून ‘संपले’ एवढेच मनात येत असेल, तर वरून वाक्य बदलले असले तरी आत जुनाच प्रश्न बसलेला आहे, आणि अशा वेळी पत्ते काढू नयेत. प्रश्न पुन्हा लिहावा किंवा त्या दिवशी वही मिटून ठेवावी.

एक उदाहरण, सविस्तर

नाशिकची एक मुलगी, वय २९, माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वहीत अकरा दिवसांत सहा मांडण्या होत्या आणि सहाही मांडण्यांच्या वर एकच प्रश्न होता. तिचा मित्र पुण्यात नोकरीला आहे; चार महिन्यांपूर्वी त्याची रात्रपाळी सुरू झाली. ओळख दोन वर्षांची आहे आणि दोघांच्याही घरी अजून सांगितलेले नाही. ती म्हणाली, “ताई, मला फक्त एकदा नक्की कळू दे. मग मी पुन्हा विचारणार नाही.” मी तिला विचारले, “पहिल्याच दिवशी टू ऑफ कप्स आला होता. तेव्हा नक्की कळले नव्हते?” ती जरा थांबली आणि म्हणाली, “कळले होते. पण संध्याकाळपर्यंतच टिकले.”

तिचे हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. होकार मिळूनही तो टिकला नाही, कारण त्या होकारामुळे पुण्यातल्या त्या मुलाच्या वागण्यात काहीच बदलले नव्हते, आणि रात्री फोन न आल्याबरोबर शंका होती तिथेच परत आली. नकार आला असता तर तोही तिने मानला नसता. सहा मांडण्या त्याचीच साक्ष देत होत्या.

आम्ही प्रश्न बदलायला बसलो. तिचे पहिले वाक्य होते, ‘तो पुन्हा पहिल्यासारखा कधी वागेल?’ त्यातला ‘कधी’ तिने स्वतःच ओळखला. दुसरे होते, ‘त्याने मला वेळ द्यावा म्हणून मी काय करू?’ हे सोडायला तिला जड गेले, आणि ते स्वाभाविक आहे. मी तिला घडलेल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. तिने लिहिले की फोन आता फक्त रविवारी होतो. तिच्या वाढदिवसाला तो रात्रपाळी संपवून थेट बसने आला होता. आणि शेवटचे भांडण घरी कधी सांगायचे यावरून झाले, जे अर्ध्यावर सुटले. ही यादी वाचल्यावर नवा प्रश्न तयार झाला: ‘येत्या महिन्यात आमच्यातले बोलणे मोकळे व्हायला माझ्याकडून कशाची मदत होईल?’

तीन जागा ठरवल्या आणि त्या पत्ते पिसण्यापूर्वी लिहून ठेवल्या. पहिली जागा, आमच्यात आज काय टिकून आहे. दुसरी, बोलण्याच्या आड काय येते. तिसरी, माझ्याकडून कशाची मदत होईल. आलेले पत्ते अनुक्रमे थ्री ऑफ पेंटॅकल्स, टू ऑफ स्वोर्ड्स आणि पेज ऑफ कप्स होते, तिन्ही सरळ.

थ्री ऑफ पेंटॅकल्समध्ये देवळासारख्या दगडी वास्तूत एक कारागीर बाकावर उभा राहून काम करतो आणि शेजारी दोघे जण नकाशा धरून त्याच्याशी बोलत असतात. तिला लगेच आठवले की ते दोघे एकत्र काहीतरी करत असतात तेव्हा त्यांचे कधीच बिघडत नाही. त्याच्या बहिणीच्या प्रवेशाचे अर्ज दोघांनी मिळून भरले होते आणि ते आठ दिवस सर्वांत चांगले गेले होते. टिकून असलेली गोष्ट म्हणून तिने हे लिहिले. टू ऑफ स्वोर्ड्समध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई छातीशी दोन तलवारी आडव्या धरून समुद्राकडे पाठ करून बसलेली असते. येथे ती प्रथम म्हणाली, “हा तोच आहे. त्याला निर्णयच घ्यायचा नाही.” मी तिला जागेचे नाव पुन्हा वाचायला सांगितले. ‘बोलण्याच्या आड काय येते’ असे लिहिले होते, ‘त्याच्या मनात काय आहे’ असे लिहिलेले नव्हते. बऱ्याच वेळाने तिने सांगितले की घरी सांगण्याचा विषय निघाला की तीच रागावून फोन ठेवते, कारण वडील काय म्हणतील याची भीती तिला स्वतःलाच आहे. ही पट्टी कोणाच्या डोळ्यांवर आहे, हे पत्त्याने सांगितले नाही. प्रश्नात ‘माझ्याकडून’ हा शब्द होता म्हणून तिला तिकडे पाहावे लागले.

पेज ऑफ कप्समध्ये तरुण मुलाच्या हातातल्या पेल्यातून एक मासा डोके वर काढतो आणि तो मुलगा न दचकता त्याच्याकडे कुतूहलाने पाहतो. तिने वहीत लिहिले, ‘मी त्याला विचारते ते सगळे हजेरी घेतल्यासारखे असते: कुठे होतास, फोन का नाही केलास. रात्रपाळीत त्याचे काय होते हे मी एकदाही विचारलेले नाही.’ यातून एक कृती ठरली आणि तिला तारीख दिली: येत्या रविवारच्या फोनवर रात्रपाळीविषयी विचारायचे आणि ऐकून घ्यायचे, त्याच्या पुढच्या रविवारी, घरी सांगण्याची भीती आपल्यालाही वाटते हे त्याला सांगायचे.

हेच तीन पत्ते जुन्या प्रश्नाखाली आले असते तर वाचन कसे झाले असते, हे मी तिला मुद्दाम दाखवले. पेंटॅकल्स आहे म्हणजे संबंध व्यवहाराचा, स्वोर्ड्स आहे म्हणजे तो दोन मुलींच्या मध्ये अडकलेला, पेज आहे म्हणजे तो अजून पोरकट. पत्ते तेच, पण हाती लागली असती ती तीन दूषणे, आणि रविवारी काय करावे याविषयी एक अक्षरही नाही.

महिन्याने ती पुन्हा आली. रात्रपाळीविषयीचे बोलणे चांगले झाले होते; दिवसा झोप होत नसल्याने त्याला कोणाशीही बोलावेसे वाटत नाही, हे तिला त्या वेळी प्रथम कळले. घरी सांगण्याविषयी तिने आपली भीती सांगितली, त्यावर तो गप्प राहिला आणि ‘मला वेळ लागेल’ एवढेच म्हणाला. हा विषय सुटलेला नव्हता. पण आता तिच्यापुढे खऱ्या माणसाचे खरे उत्तर होते, आणि ‘तो माझ्यावर प्रेम करतो का?’ हा प्रश्न तिने त्यालाच, फोनवर नव्हे तर समोर बसून, विचारला होता. त्याने काय सांगितले ते तिने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दुरुस्तीनंतरही अडचण राहिली तर

मांडणी झाल्यावर आणखी पत्ता काढण्याची इच्छा होणे हे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. अशा वेळी हात थांबवून ‘मला आता नेमके काय ऐकायचे आहे?’ याचे उत्तर वहीत लिहावे. दहातल्या नऊ वेळा तेथे जुनाच हो-नाही प्रश्न उमटतो. स्पष्टीकरणासाठी जादा पत्ता काढायचाच असेल, तर तो कोणत्या जागेसाठी आणि कोणत्या प्रश्नासाठी हे आधी लिहून एकच काढावा. त्याच विषयावर पुढची मांडणी ठरलेली कृती केल्यानंतरच करावी, मग त्याला चार दिवस लागोत की चार आठवडे. कृती केलेली नसेल तर नव्या मांडणीत नवे काही वाचण्यासारखे नसते. मांडणीचे छायाचित्र काढून पत्ते गड्डीत परत ठेवले की पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे पाहत बसण्याची सवय कमी होते.

मोकळ्या प्रश्नाची एक मर्यादा मला सांगितलीच पाहिजे. ‘कशाची मदत होईल?’ या प्रश्नाला कोणताही पत्ता चुकीचे उत्तर देऊच शकत नाही, कारण प्रत्येक चित्रात काही ना काही सापडतेच. हे पत्त्यांच्या अचूकतेचे प्रमाण समजू नये. म्हणूनच वाचनातून तारखेसह एक कृती निघायला हवी. बरोबर-चूक काय ते त्या कृतीवरून तपासता येते, पत्त्यावरून येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ‘हे नाते कशाने वाढते?’ या प्रश्नातही एक गृहीतक लपलेले आहे: नाते आहे, आणि ते वाढावे. जेथे समोरच्याने स्पष्टपणे संबंध संपवला आहे, तेथे हा प्रश्न मोकळा राहत नाही. तो नकार न ऐकण्याचा सभ्य मार्ग होतो. अशा वेळी प्रश्नाचा विषय नाते नव्हे तर मी स्वतः असावी: ‘हे मागे ठेवताना मला कशाचा आधार आहे?’ या जागेवर एट ऑफ कप्स आला, तर रचून ठेवलेल्या पेल्यांकडे पाठ करून काठी टेकत निघालेला माणूस निदान चालताना तरी दिसतो. समोरची व्यक्ती विवाहित असेल किंवा तिने कधी नात्याची कबुलीच दिली नसेल, तर आधी ‘मी कशाला नाते म्हणते आहे?’ एवढेच लिहावे आणि ते लिहून होईपर्यंत पत्ते काढू नयेत.

आणि जेथे मारहाण, धमकी, फोन तपासणे, पैसे काढून घेणे किंवा मैत्रिणींना भेटू न देणे असे काही घडत असेल, तेथे ‘नाते वाढायला माझ्याकडून कशाची मदत होईल?’ हा प्रश्न विचारणेच धोक्याचे आहे, कारण तो दुसऱ्याच्या अत्याचाराची जबाबदारी विचारणारीवर टाकतो. अशी वही माझ्यापुढे आली की मी पत्ते बाजूला ठेवते आणि १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक, तातडीचा प्रसंग असेल तर ११२, त्याच पानावर लिहून देते.